विहीर आली आणि कागद हरला

मला राग लवकर येतो. आमची करमाळ्यात पिठाची गिरणी आहे आणि आई म्हणते, ही पोरगी गिरणीच्या पट्ट्यासारखी आहे, जरा कुठं घासलं की जळका वास सुटतो. पण सोलापुरात डिप्लोमाला असताना मला एका खेळाचा जितका राग आला तितका कुणा माणसाचाही आला नसेल. खेळ तरी कुठला? दगड, कागद, कात्री. शेंबडी पोरं खेळतात तो!

दगड कात्रीला मोडतो, कात्री कागदाला कापते, कागद दगडाला गुंडाळतो. संपलं. तिसरीतल्या पोराला एकदा सांगितलं की जन्मभर लक्षात राहतं. पण आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या लॅब मॅन्युअलमध्ये ह्याच खेळाचा प्रोग्रॅम दीड पान भरून छापलेला होता. मॅन्युअल म्हणजे प्रॅक्टिकलचं पुस्तक. त्यात प्रोग्रॅम असायचे, ते आम्ही जर्नलमध्ये हाताने उतरवायचे, मॅडमची सही घ्यायची आणि परीक्षेत त्यातलाच एक चिठ्ठीने वाट्याला आला की तसाच्या तसा टाइप करायचा.

तो दीड पानाचा प्रोग्रॅम असा होता. जर मी दगड आणि कॉम्प्युटरही दगड, तर बरोबरी. नाहीतर जर मी दगड आणि कॉम्प्युटर कागद, तर कॉम्प्युटर जिंकला. नाहीतर जर मी दगड आणि कॉम्प्युटर कात्री, तर मी जिंकले. मग कागदाचं हेच रामायण, मग कात्रीचं. एकूण नऊ अटी, एकीखाली एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या. सगळं इंग्रजीत टाइप करायचं असायचं, पण मी इथे मराठीतच सांगते, नाहीतर माझं डोकं परत उठेल.

पहिल्या खेपेला ह्या रांगेनेच माझा घात केला. परीक्षेत हीच चिठ्ठी आली. नऊ वेळा तेच तेच कोण टाइप करणार, म्हणून मी एक अट लिहिली, तिचीच नक्कल खाली चिकटवत गेले आणि प्रत्येक ठिकाणी शब्द बदलत गेले. सगळे तसंच करतात. एका ठिकाणी मी वरचे दोन शब्द बदलले आणि निकालाचा शब्द बदलायचा विसरले. प्रोग्रॅम चालला, लाल अक्षरात काही आलं नाही, मी खूश. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, ज्यांना आम्ही एक्स्टर्नल म्हणायचो, त्यांनी कात्री टाकली. कॉम्प्युटरने दगड काढला. पडद्यावर आलं, तुम्ही जिंकलात.

"तुमच्याकडं कात्री दगड कापते का?" ते म्हणाले आणि आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. मग तोंडी प्रश्न विचारले, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप. विषय राहिला.

विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसू दिलं, पण अट घालून. तो विषय पुढच्या वेळी सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, वर्षभर घरी बसायचं. मी घरी फोन केला. वडील गिरणीतच होते, मागून जात्याची घरघर ऐकू येत होती.

"एकदा झालं, झालं," ते म्हणाले. "पर परत नगं. वरीसभर घरी बसलीस तर मी तुला परत सोलापूरला धाडंन असं समजू नगंस. लोकं मलाच इचारत्यात, पोरगी कुटं शिकती, कवा सुटनार हाय. मी काय सांगू?"

"सुटेल की, अप्पा."

"बघ. तुज्यावर हाय."

वडील वाईट नव्हते. मला सोलापूरला पाठवण्यासाठी त्यांनी चुलत्यांशी भांडण घेतलं होतं. म्हणूनच ते 'तुज्यावर हाय' मला रात्रंदिवस टोचत राहिलं. माझं अख्खं शिक्षण आता कात्री आणि दगडावर येऊन थांबलं होतं, ह्याचा मला इतका संताप यायचा की जेवताना भाकरी मोडली तरी कटकन आवाज व्हायचा. आमच्या मेसची भाकरी कडकच असायची, ते सोडा.

मी घोकायला लागले. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मोठ्याने म्हणायचे. मी दगड तू दगड बरोबरी, मी दगड तू कागद तू जिंकलीस. माझी खोलीसोबतीण अक्कलकोटची होती, घरी कानडी बोलणारी, शांत डोक्याची. ती सिव्हिलला होती, तिला आमच्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक दिवस ती बादली खाली ठेवून म्हणाली, "नऊ नऊ वेळा काय बोंबलतेस ग? तीनच तर गोष्टी आहेत. कोण कुणाला मारतं तेवढं लक्षात ठेव की."

"तसं नसतं," मी खेकसले. "सगळं लिहावं लागतं."

"का?"

खरंच, का? कोण कुणाला मारतं हे तीन ठिकाणी लिहिलं, तर बाकीचं आपोआप कळतंच की. दोघांचं सारखं असेल तर बरोबरी. मी ज्याला मारते तेच समोर असेल तर मी जिंकले. ह्यातलं काहीच नसेल तर मी हरले, दुसरं काय होणार? मी ओले कपडे तसेच टाकून खाली पळाले आणि वही काढली.

पायथन म्हणजे आम्ही प्रोग्रॅम लिहायचो ती भाषा. तिच्यात डिक्शनरी नावाची एक गोष्ट असते. मॅडमनी ती आदल्या वर्षीच शिकवली होती, फोन नंबरांचं उदाहरण देऊन. डावीकडे नाव, उजवीकडे नंबर. नाव सांगा, नंबर मिळतो. ते शिकवून झाल्यावर मॅडमनी पान उलटलं होतं आणि आम्हीही. दगड-कागद-कात्रीशी त्याचा काही संबंध असेल असं आमच्या वर्गात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण तो धडा वेगळा होता. आमच्याकडे एका धड्यातलं दुसऱ्या धड्यात न्यायची पद्धतच नव्हती.

मी लिहिलं: दगडासमोर कात्री, कागदासमोर दगड, कात्रीसमोर कागद. डावीकडचा उजवीकडच्याला हरवतो. ह्या डिक्शनरीला नाव दिलं 'हरवतो'. मग फक्त तीन प्रश्न. दोघांचं सारखं आहे का? नसेल तर, माझ्या हाताच्या समोर डिक्शनरीत जे लिहिलंय तेच कॉम्प्युटरने काढलंय का? तेही नसेल तर मी हरले. दीड पानाचं गाठोडं पाच-सहा ओळींत मावलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये चालवलं, तर एकदाही चुकलं नाही. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या पोराच्या पाठीत धपाटा घातला.

प्रोग्रॅम घेऊन मी मॅडमकडे गेले. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे तासाला पैसे, सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ह्याची खात्री नाही. चांगल्या होत्या, पण सतत धास्तावलेल्या. त्यांनी माझा प्रोग्रॅम बघितला, दोनदा चालवला आणि मान हलवली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"मग मी परीक्षेत हाच लिहू?"

"अजिबात नाही. एक्स्टर्नलच्या हातात मॅन्युअल असतं. ते एक नजर मॅन्युअलवर, एक नजर स्क्रीनवर टाकतात. जुळलं की मार्क. कशाला नसती डोकेदुखी ओढवून घेतेस?"

"पण मॅडम, मॅन्युअलचा लिहूनच माझा विषय राहिला."

"तुझ्या चुकीने राहिला. मॅन्युअलच्या नाही."

माझी कानशिलं तापली. बरोबर असलेली गोष्ट बरोबर आहे म्हणायचं आणि वर लिहू नको म्हणायचं, हा कुठला न्याय? अटींची रांग लांबलचक असली की माणूस चुकणारच. नऊ ठिकाणी हात घालायचा म्हणजे नऊ ठिकाणी चुकायची सोय. मी हे सगळं बोललेही. पालथ्या घड्यावर पाणी. मॅडम म्हणाल्या, "तुझं डोकं चांगलं आहे, पण जिभेला लगाम घाल." आणि पुढच्या पोरीचं जर्नल ओढलं.

परीक्षेच्या दिवशी ऊन असं होतं की लॅबच्या खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसेल. पंखे फिरत होते, पण वारा कोमट. एक्स्टर्नल अकलूजकडच्या कॉलेजातून आले होते. टक्कल, पांढरा शर्ट, हातात स्टीलची पाण्याची बाटली. ते रागावणारे वाटत नव्हते आणि हसणारेही वाटत नव्हते. मी चिठ्ठी उचलली. उघडली. दगड, कागद, कात्री.

कपाळ माझं!

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, मॅन्युअलचा लिही. मी खुर्चीत बसले, पहिली अट टाइप केली, दुसरी केली, तिसरीला माझा हात थांबला. मागच्या वेळचं फिदीफिदी हसणं कानात आलं. म्हटलं, जायचंच असेल वर्ष तर आपल्या चुकीने जाऊ दे, दुसऱ्याच्या रांगेत उभं राहून नको. सगळं पुसलं आणि डिक्शनरीचा लिहिला.

एक्स्टर्नल माझ्या मागे येऊन उभे राहिले. मॅन्युअल उघडं धरलेलं होतं. मॅडम त्यांच्या शेजारी, चेहरा पडलेला.

"हे मॅन्युअलप्रमाणे नाही," ते म्हणाले.

"नाही सर. पण उत्तर तेच येतं."

"मग असं का लिहिलं?"

इथे मी गप्प बसून म्हणायला हवं होतं की सर, छोटं होतं म्हणून. पण माझी जीभ! "सर, मॅन्युअलमध्ये खेळात एक हात वाढवायचा म्हटला तर पानभर अटी वाढवाव्या लागतील," मी म्हणाले. "माझ्यात नुसत्या नियमाच्या ओळी घालायच्या. चुटकीसरशी."

"असं?" त्यांनी मॅन्युअल मिटलं. "मग वाढव की एक हात."

"कुठला?"

"तूच सांग."

आमच्या करमाळ्याच्या गल्लीत आम्ही पोरं चार हातांनी खेळायचो. दगड, कागद, कात्री आणि विहीर. मूठ अर्धी उघडी ठेवून वर भोक केलं की विहीर. दगड विहिरीत पडतो, कात्रीही पडते, म्हणून विहीर दोघांना हरवते. पण कागद विहिरीवर झाकण घालतो, म्हणून कागद विहिरीला हरवतो. आमच्याकडे पोरं विहिरीत पडायची भीती फार, म्हणून झाकण घालणारा कागद आमच्यात लई भारी समजला जायचा. मी सरांना हे सांगितलं. त्यांनी स्वतःची मूठ अर्धी उघडून बघितली आणि म्हणाले, "चांगलंय. कर. मी तोवर बाकीच्यांचं बघतो."

मी फुशारकीने तीन ओळी घातल्या. विहिरीसमोर दगड. विहिरीसमोर कात्री. कागदासमोर विहीर. आधीच्या तीन, आता ह्या तीन, नियम झाले सहा. चालवला. एरर नाही. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे लगेच 'गेम' नावाने सेव्ह केला, कारण यूपीएस मधूनच पीं पीं करत होता आणि वीज गेली तर सगळंच गेलं. सर परत आले, वाकले, कागद टाइप केलं. कॉम्प्युटरने दगड काढला.

तुम्ही हरलात.

सरांनी भुवई वर केली. "कागद दगडाला हरवत नाही का तुमच्या गल्लीत?"

आत्ता दहा मिनिटांपूर्वी कागद दगडाला व्यवस्थित हरवत होता! त्या ओळीला मी बोटही लावलं नव्हतं. ती अजून तिथेच, दुसऱ्या क्रमांकाला, माझ्या डोळ्यांसमोर होती. कागदासमोर दगड. लिहिलेलं आहे, तरी ऐकत नाही!

"बघ सापडतंय का," सर म्हणाले. "चहा घेऊन येतो. आल्यावर बघतो." आणि ते मॅडमना घेऊन बाहेर निघाले. दारातून मॅडम एकट्या झर्रकन मागे आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "ते आणखी वाढवलेलं पूस. मॅन्युअलचा टाक गुपचूप. मी सांभाळून घेते. ऐक ग बाई माझं."

त्या गेल्या. मी पडद्याकडे बघत बसले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय म्हणून राग येत होता. अप्पांचं 'तुज्यावर हाय' आठवलं. मॅन्युअलचा टाकला असता तर वेळेत झाला असता का, माहीत नाही. नऊ अटी, नऊ ठिकाणी हात. आणि सरांनी विहीर विचारली असती तर? चार हात झाले की सोळा अटी. मी दात-ओठ खाल्ले आणि ठरवलं, विहीर इथेच राहणार.

कॉम्प्युटर आपला हात आपल्या मनाने काढतो, म्हणून नुसतं खेळत बसलं तर हवा तो डाव कधी येईल सांगता येत नाही. मी त्याचा हात माझ्याच हाताने पक्का लिहिला. कॉम्प्युटर दगड, मी कागद. हरले. मग उलटं केलं. कॉम्प्युटर कागद, मी दगड. परत हरले! अगं बाई, कागद घेतला तरी मीच हरते, दगड घेतला तरी मीच हरते? मग विहीर आणि दगड घेतले. मी विहीर, हरले. मी दगड, हरले. म्हणजे ह्या दोन जोड्यांमध्ये कुठूनही खेळा, मार मलाच.

हे उलटसुलट बघितल्यावर डोकं जरा ठिकाणावर आलं. मी हरते तेव्हा प्रोग्रॅम काय म्हणतो? 'डिक्शनरीत मला हे सापडलं नाही' एवढंच. म्हणजे कागदासमोर दगड त्याला सापडतच नाहीये. मी त्याला सांगितलं, बाबा, तुझ्याकडे काय आहे ते मला छापून दाखव. त्याने अख्खी डिक्शनरी छापली.

दगडासमोर कात्री. कागदासमोर विहीर. कात्रीसमोर कागद. विहिरीसमोर कात्री. बस्स.

सहा लिहिले होते, चार होते. कागद आपल्या जुन्याच जागेवर बसला होता, पण त्याच्या पुढ्यातला दगड नाहीसा झाला होता आणि तिथे विहीर आली होती. विहिरीच्या पुढ्यातला दगडही तसाच गायब. मला मॅडमचं फोन नंबरांचं उदाहरण आठवलं. एका नावासमोर एकच नंबर राहतो. त्याच नावासमोर दुसरा लिहिला की पहिला पुसला जातो. आणि हा मेला पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही! ना एरर, ना सूचना. पहिल्या उत्तरावर दुसरं टाकतो आणि गप्प बसतो. तीन हातांच्या खेळात प्रत्येक जण एकालाच हरवतो, म्हणून तिथे हे कधी उघडं पडलंच नव्हतं.

मग काय करायचं हे कळायला वेळ लागला नाही. एका नावासमोर एकच जागा असेल, तर त्या जागेत एक वस्तू न ठेवता एक यादी ठेवायची. दगडासमोरच्या यादीत कात्री. कागदासमोरच्या यादीत दगड आणि विहीर. कात्रीसमोर कागद. विहिरीसमोर दगड आणि कात्री. चार नावं, प्रत्येक नाव एकदाच. आणि प्रश्न थोडा बदलायचा. 'समोर लिहिलंय तेच आहे का' असं न विचारता 'समोरच्या यादीत आहे का' असं विचारायचं. जुनी फाइल कधी पुसायची नाही, नवी दुसऱ्या नावाने ठेवायची, हेही मॅडमनीच शिकवलं होतं. मी नवा प्रोग्रॅम 'गेम दोन' म्हणून सेव्ह केला. प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी खेळून बघितली. कागदाने दगडाला हरवलं. दगड कागदाला हरला. देवा!

कॉम्प्युटरला परत त्याच्या मनाने हात काढायची मोकळीक दिली आणि सर आले. त्यांनी बराच वेळ खेळून बघितलं. मग बाटलीतलं पाणी प्यायले आणि विचारलं, "काय चुकलं होतं?"

मी सांगितलं. एका नावासमोर एकच उत्तर राहतं, मी दोनदा लिहिलं म्हणून पहिलं पुसलं गेलं. मागच्या वर्षी माझ्या तोंडाला कुलूप होतं, ह्या वेळी मी थांबेना. सरांनीच हात वर केला. "बास, बास." मग त्यांनी मॅडमकडे वळून सगळ्या लॅबसमोर विचारलं, "काय हो, हे मॅन्युअलमध्ये का नाही? दीड पान कशाला लिहायला लावता पोरांना?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक. "पुढच्या वर्षी घालतो सर," त्या म्हणाल्या.

माझा विषय सुटला. मी अप्पांना फोन केला तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली, हे मला आवाजावरून कळलं. दळण टाकलेलं असताना ते कधी गिरणी बंद करत नसत. "सुटली व्हय?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "शेंगाची चटनी आन येताना." मी भर रस्त्यात उभी राहून रडले. चार लोक बघत होते, बघू देत.

इथपर्यंत गोष्ट बरी आहे. इथेच ती संपायला हवी होती.

पुढच्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला होते. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. दुपारी हॉस्टेलच्या व्हरांड्यात एक दुसऱ्या वर्षाची मुलगी फरशीवर मांडी घालून जर्नल उतरवत होती. जवळच्याच एका खेड्यातली, बारकीशी, मला ताई म्हणणारी. तिचाही हाच विषय आधी राहिलेला होता, ते मला माहीत होतं. तिच्यासमोर नवं मॅन्युअल उघडं होतं. मी सहज डोकावले आणि मला हसू फुटलं. दीड पान गेलं होतं! तिथे छोटासा प्रोग्रॅम होता, वर नाव 'हरवतो', माझंच. आणि आत विहीरसुद्धा. करमाळ्याच्या आमच्या गल्लीतली विहीर सोलापूरच्या मॅन्युअलमध्ये! माझी छाती भरून आली.

मग मी ओळी वाचल्या. दगडासमोर कात्री. कागदासमोर दगड. कात्रीसमोर कागद. विहिरीसमोर दगड. विहिरीसमोर कात्री. कागदासमोर विहीर.

सहा.

मॅडमनी त्या कॉम्प्युटरवरून 'गेम' उचलला होता. 'गेम दोन' तिथेच शेजारी पडलेला असणार. एरर येत नाही म्हणजे बरोबर, असं समजून त्यांनी छापायला दिला, पोरांनी उतरवला, मॅडमनी सह्या केल्या. अख्ख्या वर्गाच्या जर्नलमध्ये तो गेला होता.

"हे चूक आहे," मी म्हणाले.

ती दचकली. "कुठं, ताई?"

"अगं, हे चालवून बघितलंस का तू?"

"बघितलं की. चालतं. एरर येत नाही."

मला संताप आला. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. "हात काढ," म्हटलं. "दगड धर." तिने घाबरत घाबरत मूठ पुढे केली. मी माझा पंजा तिच्या मुठीवर पसरला आणि बोटांनी ती गुंडाळली.

"कोण जिंकलं?"

"तुम्ही, ताई."

"आणि तू हे मॅन्युअलमधलं लिहिलंस, सरांनी कागद टाकला आणि कॉम्प्युटरने दगड काढला, तर कोण जिंकेल?"

तिने मॅन्युअलकडे बघितलं. तिने चालवून बघितलं होतं, तेव्हा हा डावही कधीतरी आला असणार, म्हणजे तिला माहीत होतं.

"कॉम्प्युटर," ती म्हणाली.

"मग?"

मी तिची वही ओढली, पेन घेतलं, म्हटलं, हे बघ, फक्त यादी करायची, मी तुला दाखवते. तिने दोन्ही हातांनी वही घट्ट धरून ठेवली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

"नको ताई," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, असंच लिहायचं. माझं वर्ष जाईल."